‘मंदिराला उत्पन्न मिळाले’ असे लिहिण्याआधी: देवस्थानांच्या अर्थकारणावरील शोधनिबंधात या चुका टाळा

कोल्हापूरच्या देवस्थानांवर शोधनिबंध लिहिणाऱ्यांची अडचण कागद न मिळण्याची फारशी नसते. इथल्या पुराभिलेखागारात मोडी कागद आहेत, गावोगावी इनामाच्या नोंदी आहेत, शिलालेखही छापलेले मिळतात. अडचण येते ती कागद मिळाल्यावर. ‘मंदिराला अमुक जमीन होती, त्यातून अमुक उत्पन्न मिळाले’ असे एक वाक्य लिहून विद्यार्थी मोकळा होतो, आणि निबंधातल्या बहुतेक चुका त्या एका वाक्यात दडलेल्या असतात.

सर्वांत मोठी चूक जमिनीची. देवस्थान इनाम म्हणजे जमीन देवाच्या मालकीची, असे सरसकट धरले जाते. इनाम दोन तऱ्हांचे असू शकते. एकात जमीनच दिलेली असते. दुसऱ्यात जमीन कसणाऱ्याकडेच राहते आणि सरकार आपला सारा तेवढा देवाला सोडून देते. सनदेत काय म्हटले आहे ते वाचल्याशिवाय यातले कोणते, हे कळत नाही.

आकडे घेऊन पाहू. आकडे केवळ नमुन्याचे आहेत. एका इनाम जमिनीचा आकार, म्हणजे तिच्यावर ठरलेला सारा, 60 रुपये आणि त्यावर सरकारात भरायची जुडी 15 रुपये. वर्षाचे पीक 200 रुपयांचे. नुसता सारा दिलेला असेल, तर कसणारा 60 रुपये देवस्थानाला देणार, त्यातून 15 जुडीत जाणार आणि हाती 45 उरणार. जमीनच दिलेली असेल आणि ती निम्म्या वाट्याने लावली असेल, तर 100 रुपये येणार, जुडी जाऊन 85 राहणार. तीच जमीन, तोच आकार, पण उत्पन्न जवळजवळ दुप्पट. निबंधात मात्र दोन्ही ठिकाणी ‘देवस्थानाचे उत्पन्न 60 रुपये’ असे छापून येते, कारण रजिस्टरात आकाराचा रकाना सगळ्यांत ठळक दिसतो.

याच नमुन्यात तिसरी शक्यताही आहे, आणि उपजीविकेवर लिहिणाऱ्याने तिच्याकडे जास्त लक्ष द्यावे. ती जमीन पूजेबद्दल गुरवाकडेच असते आणि तो ती स्वतः कसतो. मग देवस्थानाच्या जमाखर्चात या जमिनीचा एक पैसाही दिसत नाही. दिवाबत्ती चालू असते, नैवेद्य होत असतो, गुरवाचे घर त्यावर जगत असते, आणि आपण मात्र ‘या देवळाला उत्पन्न नव्हते’ असा निष्कर्ष काढतो. जमाखर्चात शून्य दिसले की आधी विचारावे: मग पूजा कोण करत होते आणि ते कशावर जगत होते? उत्तर बहुधा इनामपत्रकात वहिवाटदाराच्या नावापुढे सापडते.

इथेच आणखी एक घोटाळा होतो. मुंबई इलाख्याच्या वर्गीकरणात देवस्थान इनाम वर्ग 3 मध्ये, तर गावकामगारांची चाकरी इनामे वर्ग 6 मध्ये येतात. देवळापाशी सेवा आहे म्हणून सगळेच वर्ग 3 मध्ये टाकून बेरीज केली, तर देवस्थान फुगते आणि बलुतेदारांची उपजीविका दिसेनाशी होते.

शिवाय कोल्हापूर हे संस्थान होते, 1 मार्च 1949 ला ते मुंबई राज्यात विलीन झाले. इंग्रजांनी 1852 च्या कायद्याने इनाम चौकशी केली आणि 1863 च्या कायद्यांनी इनामांचा फैसला केला, तो आपल्या इलाख्यात. ते कायदे उचलून करवीर इलाख्यातल्या गावाला लावू नयेत. गाव तेव्हा कोणाच्या हद्दीत होते हे पहिल्या पानावरच स्पष्ट करावे. आजचा सातबारा पाहून शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची स्थिती सांगणे तर त्याहून वाईट, कारण मध्ये कूळकायदा येऊन गेला आहे.

दुसरी चूक दानाची. अंबाबाईच्या देवळात दानपेटीत पडलेले पैसे आणि पुजाऱ्यांच्या हाती येणारी दक्षिणा व देवीपुढचे उत्पन्न या वेगळ्या वाटा राहिल्या आहेत. त्यावरून वादही झाले, आणि 2018 मध्ये या मंदिरासाठी स्वतंत्र कायदा विधिमंडळाने मंजूर केला. 1969 मध्ये स्थापन झालेल्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे तीन हजारांवर देवळे आहेत. तिचा आकडा हा समितीच्या जमेचा आकडा आहे, ‘भाविकांच्या एकूण दानाचा’ नाही. आकडा द्यावा, पण कोणाच्या तिजोरीतला ते त्याच ओळीत लिहावे.

जोतिबाच्या चैत्र यात्रेबद्दलही तसेच. गुलाल, खोबरे, दवणा विकणारा, सासनकाठ्यांबरोबर आलेल्यांना जेवूखाऊ घालणारा, गाडीवाला, यांतले कोणीही देवस्थानाच्या वहीत नसतो. त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीच्या यात्राकराच्या नोंदी, बाजारातल्या जागाभाड्याच्या पावत्या आणि तोंडी माहिती शोधावी लागते. मुलाखतीत ‘किती कमावता?’ विचारले की उत्तर हमखास मोघम येते. माल कितीचा भरला, किती परत नेला, जागेला काय मोजले, असे विचारले की हिशेब बोलता बोलता उलगडतो.

तिसरी चूक वर्षाची. ती दिसते किरकोळ, पण सगळा युक्तिवाद पाडू शकते. जमाखर्च फसली सनात, म्हणजे जुन्या महसुली वर्षगणनेत असतील, तर आपल्याकडचे फसली वर्ष जूनच्या सुरुवातीला, मृगाला लागते. फसली 1286 म्हणजे जून 1876 ते जून 1877. विद्यार्थी सरळ 591 मिळवून 1877 लिहितो. आता 1876-77 च्या मोठ्या दुष्काळात यात्रेची जमा घटली का, हे पाहायचे आहे असे समजा. फसली 1286 च्या वहीत 1876 चे नवरात्र आणि 1877 ची चैत्र यात्रा आहे. 1877 चे नवरात्र पुढच्या, 1287 च्या वहीत गेले. वर्ष नुसते ‘1877’ लिहिले, तर आश्विनातली जमा अख्ख्या वर्षाने सरकते आणि दुष्काळाचा परिणाम भलत्याच हंगामावर ढकलला जातो. तक्त्यात मूळ सन, त्याची दोन्ही इसवी वर्षे आणि सणाचा महिना असे तीन रकाने ठेवले की हा प्रश्न येत नाही.

राहता राहिले शिलालेख. खिद्रापूरच्या कोपेश्वराला यादव राजा सिंघणाने गाव दिल्याचा शके 1136 चा लेख आहे. गाव द्यायचे ठरले, एवढे तो सांगतो. त्या गावातून दरसाल काय आले, किती वर्षे येत राहिले, हे तो सांगत नाही. मराठाकाळातल्या नेमणुकीच्या यादीचेही तेच: नंदादीपाला इतके तेल, नैवेद्याला इतके तांदूळ, हे ठरवून दिलेले असते. झालेला खर्च ताळेबंदात असतो, आणि ताळेबंद मिळाला नसेल तर वाक्यात ‘खर्च झाला’ऐवजी ‘नेमून दिला होता’ असे क्रियापद वापरावे.