कंपनी खरी, ऑफर बनावट: पडताळणी करताना या चुका टाळा

नोकरीची ऑफर खरी आहे की खोटी, हे तपासून देण्याची विनंती घेऊन जे लोक माझ्याकडे येतात, त्यांतील बहुतेकांनी स्वतःची पडताळणी आधीच केलेली असते. अडचण अशी की ती चुकीच्या गोष्टीची केलेली असते.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे कंपनी अस्तित्वात आहे एवढे पाहून समाधान मानणे. ऑफर लेटरवरचा नोंदणी क्रमांक सरकारी नोंदवहीत सापडतो, पत्ता जुळतो, संचालकांची नावेही जुळतात आणि उमेदवार निश्चिंत होतो. परंतु ही सर्व माहिती सार्वजनिक असते, त्यामुळे ती ज्या सहजतेने तुम्हाला मिळते त्याच सहजतेने भामट्यालाही मिळते. नोंदवही कंपनी आहे एवढेच सांगते. पत्र तिनेच पाठवले आहे का, या प्रश्नाचे उत्तर तिच्यात नसते.

एका परिचितांच्या मुलीला यंत्रसामग्री बनवणाऱ्या एका जुन्या कंपनीच्या नावाने ऑफर आली होती. कंपनीचे खरे नाव येथे देत नाही. तिचे संकेतस्थळ `kampani.example` होते असे समजू. मेल आला होता `hr@kampani-careers.example` या पत्त्यावरून. मुलगी हुशार होती, तिने `@` नंतरचा भाग ब्राउझरमध्ये टाकून पाहिला आणि कंपनीचे खरे संकेतस्थळ उघडले. तिच्या दृष्टीने विषय तेथेच संपला होता. प्रत्यक्षात भामट्याने नवे डोमेन विकत घेऊन ते खऱ्या संकेतस्थळाकडे वळवून ठेवले होते, म्हणजे पाने नक्कल करण्याचेही कष्ट त्याने घेतले नव्हते. पान उघडल्यावर अॅड्रेस बारमधील नाव बदलून `kampani.example` झाले होते, पण तिकडे तिचे लक्ष गेले नाही. हे वळण कोणीही, कोणाच्याही परवानगीशिवाय लावू शकतो.

मी अशा वेळी डोमेनची नोंद पाहतो. `lookup.icann.org` येथे नाव टाकले की `Created` या शब्दापुढे नोंदणीची तारीख दिसते. कंपनी अनेक दशके जुनी आणि हे डोमेन मात्र जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी घेतलेले होते. नवी तारीख हा संशयाचा भक्कम आधार आहे. जुनी तारीख मात्र निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे, कारण मुदत संपलेली जुनी डोमेन विकत घेता येतात.

नाव वाचण्याचीही एक रीत आहे. `careers.kampani.example` हे कंपनीच्याच डोमेनचा भाग आहे, कारण बिंदूने जोडलेला उपविभाग मूळ डोमेनच्या मालकालाच तयार करता येतो. `kampani-careers.example` हे मात्र वेगळेच नाव असून ते कोणीही विकत घेऊ शकतो. म्हणून पत्ता उजवीकडून डावीकडे वाचावा. शेवटच्या प्रत्ययाच्या लगेच आधी जे नाव असते, तेच मालकाचे. `.co.in` सारखा प्रत्यय असल्यास तो अखंड धरावा.

दुसरी चूक मला अधिक चीड आणणारी आहे, कारण ती निव्वळ घाईतून होते: खात्री करण्यासाठी ऑफर लेटरवर छापलेल्याच क्रमांकावर फोन करणे. पलीकडची व्यक्ती अर्थातच सर्व काही खरे असल्याचे सांगते. वरील प्रकरणातही तसेच झाले आणि वर "आज सायंकाळपर्यंत कागदपत्रे पाठवा" अशी तंबी मिळाली. मी पत्रातील कोणताही दुवा किंवा क्रमांक वापरत नाही. कंपनीचे संकेतस्थळ स्वतंत्रपणे शोधून तेथील मुख्य क्रमांकावर फोन करावा, पदाचे नाव आणि पत्रावर सही करणाऱ्याचे नाव सांगावे व असे पद भरले जात आहे का, हे विचारावे. काही कंपन्या भरतीचे काम बाहेरच्या संस्थेला देतात, त्यामुळे वेगळे डोमेन म्हणजे फसवणूकच असे मानता येत नाही. पण अशी संस्था नेमली आहे की नाही, हे मूळ कंपनीच सांगू शकते. आमच्या फोनवर तेथील मनुष्यबळ विभागाने असे पदच नसल्याचे स्पष्ट केले.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. अॅड्रेस बारमधील कुलपाचे चिन्ह जोडणी एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे मजकूर वाटेत कोणाला वाचता येत नाही, एवढेच दाखवते, आणि त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र भामट्यालाही फुकट मिळते. मेलच्या मूळ मजकुरात `SPF` किंवा `DKIM` या पाठवणाऱ्याचे डोमेन तपासणाऱ्या चाचण्यांपुढे `PASS` दिसले, तरी मेल त्या डोमेनवरून आला एवढेच सिद्ध होते. डोमेनच बनावट असेल तर त्याचा उपयोग शून्य. अशुद्ध भाषेवरून भामटा ओळखण्याचे दिवसही गेले.

नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क किंवा लॅपटॉपची अनामत मागितली, तर पुढील तपासणी मी करतच नाही. "रक्कम नंतर परत मिळेल ना?" असे विचारणाऱ्यांशी वाद घालण्याचा मला आता कंटाळा आला आहे.

बनावट डोमेन सापडल्यास `lookup.icann.org` वरील त्याच नोंदीत डोमेन विकणाऱ्या रजिस्ट्रारचा तक्रारीचा ईमेल पत्ता बहुधा मिळतो. तेथे मूळ मेल संपूर्ण हेडरसह, म्हणजे मेलच्या प्रवासाच्या तांत्रिक नोंदीसह पाठवावा, कारण केवळ स्क्रीनशॉटमध्ये मेल कोणत्या सर्व्हरवरून आला, हे दिसत नाही.