३६० डिग्री फीडबॅकचा रिपोर्ट: साहेबांसमोर बसण्याआधीची तयारी

हाताखालचे, बरोबरीचे आणि वरिष्ठ नाव न देता तुमच्याबद्दल जे लिहितात, त्याचा हा रिपोर्ट एकदा वाचून बंद करा आणि साहेबांबरोबरची चर्चा निदान दोन दिवस पुढं ठेवा. पहिल्या वाचनात टोचलेलं एकच वाक्य डोक्यात फिरत राहतं, बाकी काही दिसत नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डिंग बघत असताना माझ्याबद्दल आलेलं वाक्य होतं, ‘औंदा साहेबांनी रजा देतानाबी गावकी बघितली.’ ‘औंदा’ कोण म्हणतं, याचा शोध मी लगेच मनात सुरू केला. ही पहिली चूक. अंदाज चुकला तर निरपराध माणसावर राग निघतो आणि बरोबर आला तर पुढच्या वेळी कुणी खरं लिहीत नाही. म्हणून नावं शोधायची नाहीत, हे आधीच ठरवा.

मग वही घ्या. प्रत्येक शेरा स्वतःच्या हातानं उतरवून पुढं गट लिहा: हाताखालचे, बरोबरीचे, वरिष्ठ. शेरा वागण्याबद्दल आहे की माणसाबद्दल, तेही लिहा. ‘मिटिंगमध्ये बोलणं मधेच तोडतात’ हे वागणं आहे, ते बदलता येतं. ‘गर्विष्ठ आहेत’ हा शिक्का आहे, त्यामागचा प्रसंग कळल्याशिवाय त्याचं काही करता येत नाही.

आता आकडे, आणि इथं घाई नको. सरासरीवर थांबू नका, गुण कसे विखुरलेत ते बघा. ‘ऐकून घेतात’ या प्रश्नाला माझ्या हाताखालच्या सहा जणांनी पाचपैकी २, २, २, २, ३, ३ दिले होते. एकही ४ नाही. बोलणं तोडण्याचा शेरा बरोबरीच्यांकडूनही आला होता. दोन गट एकच सांगतात तेव्हा ते मानावंच लागतं. ‘पक्षपात करत नाहीत’ याला मात्र ५, ५, ४, ४, ४, १ होते. सरासरी ३.८ दिसते, पण तो एक १ काढला तर ४.४ होते. म्हणजे तिथं एकाच माणसाची दुखावलेली भावना होती.

तरीही एकट्याचा शेरा तसाच सोडू नका. तपासता येत असेल तर तपासा. मी जोतिबाच्या यात्रेच्या वेळचं रजेचं रजिस्टर काढलं. नाकारलेल्या चार रजांपैकी दोन माझ्याच गावच्या पोरांच्या होत्या. आरोप टिकला नाही, पण नकाराचं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं, हे त्या पानावर दिसलं. सुरक्षेचा किंवा छळाचा शेरा असेल तर तो एकाचाच असला तरी मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी वर कळवायचं.

साहेबांसमोर जाताना एकच सवय निवडून न्या. मी ‘बोलणं न तोडणं’ नेलं. नंतर टीमला एवढंच सांगितलं, ‘मी मधे बोलतो असं रिपोर्टमध्ये आलंय, ते खरं आहे. महिनाभर सकाळच्या मिटिंगमध्ये मी शेवटी बोलणार.’ रजेच्या शेऱ्याचा उल्लेख केला नाही. नकाराचं कारण मात्र तेव्हापासून रजेच्या अर्जावरच लिहितो.