तीन सेमीटोन बरोबर मोजले, तरी उत्तर चूक का? इंटरव्हलला नाव देण्याची रीत

माझ्याकडे कीबोर्ड शिकणारी नववीतली एक मुलगी थिअरीचा पेपर घेऊन आली. डोळे भरून आले होते. प्रश्न साधा होता. ट्रेबल क्लेफमध्ये दोन स्वर दिले होते, खाली एफ आणि वर जी शार्प, आणि त्यांच्यातल्या अंतराचं नाव लिहायचं होतं. तिने ‘मायनर थर्ड’ लिहिलं होतं आणि त्यावर लाल फुली होती. “ताई, मी तीनदा मोजलं. एफ शार्प एक, जी दोन, जी शार्प तीन. तीन सेमीटोन म्हणजे मायनर थर्डच ना?”

मोजणीत तिची काहीच चूक नव्हती. तरीही फुली योग्य होती. बरोबर उत्तर होतं ‘ऑगमेंटेड सेकंड’. हार्मोनियमवरून कीबोर्डकडे आलेल्या मुलांकडून हीच चूक मी वर्षानुवर्षं पाहते आहे, आणि त्यामागे एकच गैरसमज असतो: इंटरव्हलचं नाव म्हणजे दोन पट्ट्यांमधलं अंतर. खरं तर त्या नावात दोन वेगळ्या गोष्टी असतात. ‘सेकंड’, ‘थर्ड’, ‘फिफ्थ’ हा आकडा अक्षरांवरून ठरतो. ‘मेजर’, ‘मायनर’, ‘परफेक्ट’, ‘ऑगमेंटेड’, ‘डिमिनिश्ड’ हा प्रकार सेमीटोनवरून ठरतो. नुसते सेमीटोन मोजले तर आकड्यासाठी अंदाजच लावावा लागतो.

म्हणून पहिली पायरी अशी: शार्प आणि फ्लॅट बोटाने झाका आणि फक्त अक्षरं मोजा. खालचं अक्षर स्वतः एक धरायचं. एफ एक, जी दोन. झालं, हा सेकंड आहे. वरच्या जीला शार्प लागो, फ्लॅट लागो की डबल शार्प, तो सेकंडच राहणार. इथे मुलांचा एक गोंधळ हमखास होतो. सेमीटोन मोजताना सुरुवातीची पट्टी शून्य धरतात, अक्षरं मोजताना सुरुवातीचं अक्षर एक धरतात. दोन्हीकडे एकच सवय चालवली की आकडा एकाने चुकतो.

अक्षरं मोजायचीही गरज नाही, नजरेनेही कळतं. ट्रेबल क्लेफमध्ये हा एफ सर्वांत खालच्या घरात बसतो आणि जी त्याच्या लगेच वरच्या, म्हणजे दुसऱ्या रेघेवर. घर आणि त्याला चिकटलेली रेघ म्हणजे सेकंड. थर्ड असता तर दोन्ही स्वर घरात दिसले असते किंवा दोन्ही रेघांवर. मी तिला पेपर हातभर लांब धरायला सांगितला. शार्पचं चिन्ह पुसट झालं आणि एकमेकांना खेटून बसलेले दोन गोल तेवढे उरले. “हे थर्डसारखं दिसतंय का?” असं विचारल्यावर तीच नाही म्हणाली.

दुसरी पायरी प्रकाराची. खालच्या स्वराला सुरुवात धरून त्याची मेजर स्केल आठवा. एफ मेजर म्हणजे एफ, जी, ए, बी फ्लॅट, सी, डी, ई. त्यात साधा जी आहे, म्हणून एफ ते जी हा मेजर सेकंड. मेजर स्केलमध्ये खालच्या स्वरापासून सेकंड, थर्ड, सिक्स्थ आणि सेव्हंथ हे मेजर निघतात. फोर्थ, फिफ्थ आणि ऑक्टेव्ह हे परफेक्ट.

तिसरी पायरी म्हणजे झाकलेलं चिन्ह उघडून अंतर किती बदललं ते बघणं. इथे जीला शार्प लागला, वरचा स्वर एक सेमीटोन वर सरकला, अंतर वाढलं. मेजर किंवा परफेक्ट अंतर एकाने वाढलं की ऑगमेंटेड होतं. मेजर एकाने घटलं की मायनर, मायनर आणखी एकाने घटलं की डिमिनिश्ड. परफेक्टला मायनर नसतो, तो घटला की थेट डिमिनिश्ड होतो. म्हणजे एफ ते जी शार्प हा ऑगमेंटेड सेकंड. आता पडताळ्यासाठी सेमीटोन खुशाल मोजा: मेजर सेकंडचे दोन, ऑगमेंटेडचे तीन. तिने मोजलेले तीन बरोबर जुळतात. फक्त ते शेवटी मोजायचे होते, सुरुवातीला नव्हे.

एवढं झाल्यावर तिने जो प्रश्न विचारला, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. “पण ऐकायला तर सारखंच आहे! जी शार्प म्हणा नाहीतर ए फ्लॅट, पट्टी काळी चारच.” बरोबर आहे. पियानोवर किंवा हार्मोनियमवर दोन्हींची पट्टी एकच आहे. मग नावात फरक कशाला?

ती लहानपणापासून गाणं शिकलेली, म्हणून तिला किरवाणीचे स्वर म्हणायला लावले. पांढरी सहा सा धरून: सा, रे, कोमल ग, म, प, कोमल ध, शुद्ध नि, सा. हीच पाश्चात्त्यांची ए हार्मोनिक मायनर: ए, बी, सी, डी, ई, एफ, जी शार्प, ए. यात एफ म्हणजे कोमल धैवत आणि जी शार्प म्हणजे शुद्ध निषाद. आता पांढरी चार, म्हणजे एफच, सा धरायला सांगितला आणि कोमल गंधार वाजवायला सांगितला. बोट पुन्हा काळी चारवर गेलं. पट्ट्या त्याच, अंतर तेच तीन सेमीटोनचं. पण एकदा ते ध ते नि आहे आणि एकदा सा ते ग. ध नंतर लगेच नि येतो, मध्ये कुठलाही स्वर सुटलेला नाही. सा आणि ग यांच्या मध्ये मात्र रे आहे. किरवाणीतल्या त्या जागेला ‘सा ते कोमल ग’ म्हटलेलं कुठल्याही गायकाला पटणार नाही. परीक्षकाने फुली मारली ती याच कारणाने. तिने धैवत-निषादाला षड्ज-गंधाराचं नाव दिलं होतं.

हे सांगितल्यावर तिचा चेहरा बदललेला मी पाहिला. अक्षरांचा नियम तिला परका वाटत होता. तो तर ती रोज गात होती.

आणि फरक नुसता कागदावरचा नाही. ए मायनरमध्ये तो जी शार्प मुद्दाम चढवलेला असतो, कारण त्याला वरच्या एकडे ओढ लागावी, जशी शुद्ध नि ला वरच्या षड्जाची असते. एफला खाली ईकडे जायचं असतं. दोन्ही एकत्र वाजवून सोडले की एफ ईवर उतरतो, जी शार्प एवर चढतो आणि अंतर उघडून ई ते ए असा परफेक्ट फोर्थ होतो. उलट एफ ते ए फ्लॅट हा एफ मायनर कॉर्डचा तळ आहे. तो कुठेही जायची घाई करत नाही. जी शार्पच्या जागी ए फ्लॅट लिहिला तर स्केलमध्ये ए हे अक्षर दोनदा येतं आणि जी गायब होतो. वाचणाऱ्याला स्वर कुठे जाणार याचा सुगावाच लागत नाही. कोरसमध्ये गाणाऱ्यांना हा ऑगमेंटेड सेकंड एका दमात सुरात घेणं जड जातं. मेलॉडिक मायनरमध्ये वर जाताना एफचाही एफ शार्प करतात, तो ही उडी टाळायला.

आता हेच दोन स्वर उलटे करू, कारण शार्प खालच्या स्वराला असला की मुलं पुन्हा अडतात. खाली जी शार्प, वर एफ. अक्षरं मोजा: जी, ए, बी, सी, डी, ई, एफ. सात, म्हणजे सेव्हंथ. पण जी शार्पची मेजर स्केल आठवायला गेलात तर एफ डबल शार्पपर्यंत जावं लागतं, त्या वाटेला जाऊ नका. खालचा शार्प तात्पुरता काढा. जी मेजरमध्ये एफ शार्प असतो, तो मेजर सेव्हंथ. इथे साधा एफ आहे, म्हणून जी ते एफ मायनर सेव्हंथ, दहा सेमीटोनचा. आता शार्प परत लावा. खालचा स्वर वर सरकला म्हणजे अंतर आकसलं, वाढलं नाही. मायनर एकाने आकसला, म्हणून हा डिमिनिश्ड सेव्हंथ, नऊ सेमीटोनचा. नुसते नऊ मोजणारा इथे ‘मेजर सिक्स्थ’ लिहून मोकळा होतो. वरचा शार्प अंतर वाढवतो आणि खालचा शार्प ते घटवतो. फ्लॅटचं बरोबर उलट. एवढं वाक्य मुलांकडून मी पाठ करून घेते, बाकी काहीही पाठ करून घेत नाही.

सेमीटोन मोजून नाव देण्याची पद्धत सगळीकडे चूकच, असं मात्र नाही. नोटेशन न दाखवता फक्त ऐकवून अंतर ओळखायला सांगितलं आणि आजूबाजूला सूर ठरलेला नसेल, तर तीन सेमीटोनला मायनर थर्ड म्हणणंच रास्त, कारण कानाला अक्षर ऐकू येत नाही. कुठलीच मुख्य स्केल नसलेल्या विसाव्या शतकातल्या एटोनल संगीताच्या अभ्यासात तर अंतरं मुद्दाम सेमीटोनच्या आकड्यांनीच लिहितात. मिडीमध्येही तसंच. मधला सी 60 धरला तर एफ 65 आणि काळी चार 68. तो 68 जी शार्प आहे की ए फ्लॅट, हे त्या आकड्यात कुठेच नसतं. म्हणून मोबाइलवरच्या कीबोर्ड अॅपने पट्टीवर एखादं नाव दाखवलं, तर परीक्षेत ते प्रमाण धरू नका. कागदावर जे अक्षर छापलंय तेच धरायचं.

जाण्याआधी मी तिला हार्मोनियमच्या काळी दोन आणि काळी तीन या दोनच पट्ट्या दिल्या आणि चार प्रकारे लिहायला लावलं. तुम्हीही उत्तरं झाकून करून बघा. ई फ्लॅट ते जी फ्लॅट: ई, एफ, जी, तीन अक्षरं, मायनर थर्ड. डी शार्प ते एफ शार्प: डी, ई, एफ, पुन्हा तीन, हाही मायनर थर्ड. ई फ्लॅट ते एफ शार्प: अक्षरं दोनच, म्हणून ऑगमेंटेड सेकंड. चौथं डी शार्प ते जी फ्लॅट. डी ते जी परफेक्ट फोर्थ, पाच सेमीटोन. खालच्या शार्पने एक घटला, वरच्या फ्लॅटने आणखी एक, म्हणून डबली डिमिनिश्ड फोर्थ. असं लिहिलेलं प्रत्यक्षात क्वचितच भेटतं. तिने ते पहिल्याच फटक्यात बरोबर काढलं, आणि शेवटी तीन सेमीटोन मोजून स्वतःच पडताळून पाहिलं.