लघवी अचानक तुंबली तर या चुका टाळा

सत्तरीच्या एका आजोबांचं उदाहरण घेऊ. गेली दोन-तीन वर्षं लघवीची धार बारीक झालेली, रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं, पण 'वयाप्रमाणे व्हायचंच' म्हणून कुणी तपासलेलं नाही. सर्दी झाली म्हणून दुकानातून गोळी आणून सकाळ-संध्याकाळ घेतली. रात्री दोन वाजता लघवीला गेले, तर थेंबही येईना. ओटीपोट फुगलेलं आणि कळा अशा की बसवेना, झोपवेना.

घरात पहिली चूक इथेच होते. 'भरपूर पाणी प्या, मोकळी होईल' म्हणून पाणी, धण्याचं पाणी, बार्लीचं पाणी सुरू होतं. प्रत्यक्षात लघवी तयार होतेच आहे, अडलेली आहे ती बाहेर पडण्याची वाट. साधारण 400-500 मिली लघवी साठली की जोराची लागते. अशा रुग्णात ती 800 मिली ते एक लिटरपर्यंत साठलेली असू शकते. त्यात पाणी पाजलं तर मूत्राशयाची पिशवी अजून ताणते, दुखणं वाढतं. लघवी वाढवणाऱ्या गोळीचंही तेच.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. थेंब-थेंब गळायला लागलं की घरच्यांना वाटतं, सुटलं एकदाचं. तुडुंब पिशवीतून नुसतं ओसंडत असतं ते. ओटीपोटावर अलगद हात ठेवून पाहा: बेंबीखाली गोल, टणक फुगवटा लागत असेल आणि दाबल्यावर कळ येत असेल, तर लघवी तुंबलेलीच आहे. सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. घरी नळी घालायचा प्रयत्न कुणीही करू नये.

दवाखान्यात मूत्रमार्गातून कॅथेटर म्हणजे लघवीची नळी घालतात. लघवी नळीतून वाहू लागल्यानंतरच नळीच्या आतल्या टोकाचा छोटा फुगा पाण्याने फुगवतात, कारण मूत्रमार्गातच तो फुगला तर इजा होते. आपल्या आजोबांची 900 मिली लघवी निघाली आणि चेहरा पाच मिनिटांत शांत झाला. नळी जाईना, तर जोर लावायचा नसतो, युरॉलॉजिस्टला बोलवायचं असतं. कधी ओटीपोटातून थेट पिशवीत नळी घालावी लागते.

आता कारण. वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी हे या वयातलं सर्वांत नेहमीचं, पण त्या रात्रीच का अडली, हे शोधायला हवं. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन असतं. पहिल्याने मूत्राशयाचं आकुंचन मंदावतं, दुसऱ्याने पिशवीच्या तोंडाशी आणि प्रोस्टेटमधले स्नायू आवळले जातात. आधीच अरुंद झालेली वाट दोन्हीकडून बंद. आजोबांच्या खिशातली गोळीची पट्टी डॉक्टरांना दाखवली, म्हणून हे कळलं; औषधांच्या पट्ट्या सोबत न्याच. बद्धकोष्ठ, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं, नैराश्यावरचं अमिट्रिप्टिलिन, भूल, लघवीचा संसर्ग, मूत्रमार्गात अडकलेला खडा, रक्ताच्या गाठी हीही कारणं असतात. पाय लुळे पडत असतील किंवा बसायच्या जागेभोवती बधिरपणा आला असेल, तर ते लगेच सांगा. तिथे मणक्यातली नस दबलेली असू शकते आणि तासांचाही उशीर महाग पडतो.

नळी बसली, दुखणं थांबलं, की 'उद्याच काढा' असा आग्रह होतो. तसं केल्यास पुन्हा तुंबण्याची शक्यता जास्त. टॅमसुलोसिनसारखी गोळी ते आवळलेले स्नायू सैल करते, पण तिला वेळ द्यावा लागतो. म्हणून दोन-तीन दिवस तरी ती घेऊन, बद्धकोष्ठ दूर करून मग नळी काढून बघतात. नळी काढल्यावर लघवी झाली एवढ्यावर घरी पळू नका. मागे किती उरली ते सोनोग्राफीने पाहिलेलं बरं. या गोळीने उठताना चक्कर येऊ शकते, त्यामुळे पलंगावरून सावकाश उठा. नळी काढूनही लघवी अडत राहिली, तर प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेचा विचार करतात.

प्रोस्टेटची पीएसए ही रक्ततपासणी मात्र याच दिवसांत करून घाबरून जाऊ नका. लघवी तुंबल्याने आणि कॅथेटरनेही तो आकडा चढतो, म्हणून डॉक्टर सहसा काही आठवडे थांबून करतात. त्याऐवजी किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन आत्ताच बघायला हवं. फारसं न दुखता महिनोन्महिने थोडी-थोडी तुंबत गेलेल्यांची किडनी दबलेली असू शकते. अशांना नळी घातल्यावर तासाला 200 मिलीपेक्षाही जास्त लघवी काही तास होत राहू शकते. अंगातलं पाणी आणि क्षार झपाट्याने कमी होतात, म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवून घेतात.

घरी नळीसह आलात तर नळीला जोडलेली लघवीची पिशवी नेहमी कमरेखाली लटकवा, जमिनीला टेकू देऊ नका, नळी मांडीला चिकटपट्टीने बांधा म्हणजे ओढली जाणार नाही. पिशवीत लघवी येणं थांबलं आणि ओटीपोट दुखू लागलं, तर आधी नळीला पीळ पडलाय का ते बघा. पीळ नसेल, किंवा थंडी वाजून ताप आला असेल, किंवा रक्ताच्या गाठी पडत असतील, तर लगेच परत जा.