ई-स्कूटरची रेंज अचानक घटली? दुरुस्तीआधी या चुका टाळा

काल-परवापर्यंत एका चार्जिंगमध्ये 65 किलोमीटर जाणारी गाडी आज 40 किलोमीटरवर बसली की बहुतेक जण थेट निकाल देतात: बॅटरी गेली. गॅरेजवाला म्हणतो मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर बदलून बघू, आणि ब्रेकच्या सेन्सरचं कुणीतरी नुसतं ऐकलेलं असतं. तिघांचंही म्हणणं खरं असू शकतं, पण एकाच वेळी नाही. म्हणून पार्ट बदलण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं. बॅटरीतून वीज कमी निघतेय, की तेवढीच निघून गाडी ती जास्त खातेय?

पहिली चूक: किलोमीटर मोजणं, पण युनिट न मोजणं

चार्जर आणि सॉकेट यांच्यामध्ये लावायचं छोटं एनर्जी मीटर मिळतं. गाडी बंद पडेपर्यंत चालवा, मग पूर्ण चार्ज करा, आणि किती युनिट गेले ते लिहून ठेवा. आकडे समजायला एक गाडी घेऊ. 60 व्होल्ट, 30 अँपिअर-अवरची एनएमसी प्रकारची लिथियम बॅटरी. चांगली असताना ही गाडी भिंतीतून साधारण 2 युनिट घ्यायची आणि 65 किलोमीटर जायची, म्हणजे किलोमीटरला अंदाजे 31 वॉट-अवर.

आता ती 40 किलोमीटरला बंद पडते. चार्जिंगला सव्वा युनिटच गेलं, तर हिशेब पुन्हा 31 च्या आसपास येतो. गाडीची खाण्याची सवय बदललेली नाही, बॅटरीतूनच वीज कमी निघतेय. तेव्हा कंट्रोलर, मोटर, ब्रेक यांच्या नादी न लागता सेलकडे वळा. उलट, चार्जिंगला पूर्ण 2 युनिट गेले आणि तरीही 40 किलोमीटरच झाले, तर किलोमीटरला 50 वॉट-अवर जळतायत. बॅटरी आपलं काम करतेय, वीज दुसरीकडे वाया जातेय. तपासण्याच्या दोन्ही दिवशी रस्ता, वेग आणि माणसं सारखीच ठेवा, नाहीतर डबलसीट चढाची तुलना सिंगलसीट सपाट रस्त्याशी होईल.

जुना आकडा लिहून ठेवलेला नसेल, तर गाडी बंद पडताना काय होतं ते नीट बघा. डिस्प्ले, हेडलाइट, हॉर्न सगळं एकदम गेलं, तर बीएमएसने, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटने, बॅटरीचा पुरवठा तोडला असण्याची शक्यता मोठी, कारण तिथून पुढे कुणालाच वीज मिळत नाही. डिस्प्ले चालू आहे, लाइट चालू आहे आणि फक्त मोटरचा दम गेला, तर संशय कंट्रोलर, थ्रॉटल किंवा ब्रेक दाबल्यावर मोटर बंद करणाऱ्या ब्रेक कट-ऑफवर. एवढ्या एका निरीक्षणाने अर्धी शोधाशोध वाचते.

दुसरी चूक: फुल चार्जचे व्होल्ट बघून बॅटरीला क्लीन चिट देणं

हीच चूक सगळ्यात जास्त होते, म्हणून इथे जरा थांबू.

आपल्या उदाहरणातल्या बॅटरीत सेलचे 16 ग्रुप सिरीजमध्ये आहेत. फुल चार्जला एकूण 67.2 व्होल्ट यायला हवेत, म्हणजे प्रत्येक ग्रुपला 4.2. मल्टिमीटर लावला, 67.2 दिसलं, बॅटरी पास. पण बीएमएसच्या अॅपमध्ये किंवा बॅलन्स वायरच्या कनेक्टरवर प्रत्येक ग्रुप वेगळा मोजला, तर 15 ग्रुप 4.22 वर आणि सातव्या नंबरचा ग्रुप 3.88 वर असू शकतो. बेरीज करून बघा, तीही जवळपास 67.2 च येते. चार्जरला फक्त बेरीज कळते. तो हिरवा दिवा लावून मोकळा होतो, आणि सातवा ग्रुप जेमतेम 60 टक्के भरलेला राहतो.

आता गाडी चालवली की सगळ्या ग्रुपमधून सारखाच करंट जातो. सातवा ग्रुप सगळ्यांच्या आधी संपतो, लोडखाली 2.8 व्होल्टपर्यंत खाली येतो आणि बीएमएस सगळी बॅटरी बंद करतं. बाकीचे 15 ग्रुप तेव्हा अजून 3.68 च्या आसपास असतात. गाडी पाच-दहा मिनिटं उभी राहिली की सातवा ग्रुप सावरून 3.25 ला येतो, म्हणून ती पुन्हा सुरू होते, थोडं पुढे जाऊन परत बंद पडते. डिस्प्लेवरचे टक्के एकूण व्होल्टवरून काढलेले असतील तर 35-40 टक्के दिसत असतानाच गाडी मरते. बंद पडल्यावर लगेच एकूण व्होल्ट मोजले तर 58.5 च्या आसपास मिळतात. खरोखर रिकामी झालेली 16 ग्रुपची एनएमसी बॅटरी 51 ते 53 दाखवते. बंद पडलेल्या गाडीत 58 व्होल्ट सापडणं हीच ग्रुप सारखे भरलेले नसण्याची, म्हणजे इम्बॅलन्सची खूण.

इथे एक पोटभेद आहे आणि तो चुकला की पैसे वाया जातात. एकच ग्रुप खालच्या टोकाला आधी संपतोय म्हणून तो फक्त मागे पडलाय असं समजू नका. फुल चार्जला तो कुठे असतो ते बघा. वरही खाली आणि खालीही खाली असेल, तर ग्रुप सुदृढ आहे, फक्त कमी भरलेला आहे. पण वरच्या टोकाला तोच सगळ्यात आधी 4.2 गाठत असेल आणि खालच्या टोकाला तोच आधी संपत असेल, तर त्याची साठवणच कमी झाली आहे. एखादा सेल म्हातारा झाला असेल, किंवा पॅरलल जोडलेल्या सेलपैकी एकाचं वेल्डिंग सुटलं असेल. असल्या ग्रुपला बॅलन्सिंगने काही होत नाही, तो बदलावाच लागतो.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर मधल्या पट्ट्यातले व्होल्ट बघून काही कळत नाही, कारण तिथे सगळे ग्रुप जवळपास सारखेच दिसतात. तिथे फक्त चार्जिंगची शेवटची मिनिटं आणि डिस्चार्जचा शेवटचा टप्पा बोलका असतो.

तिसरी चूक: रात्रभर चार्जरवर ठेवलं की बॅलन्स होईल हा समज

थोडासा फरक असेल तर होतं. आपल्या उदाहरणात सातवा ग्रुप साधारण 11 अँपिअर-अवर मागे आहे. बऱ्याच बीएमएसमध्ये बॅलन्सिंगचा करंट 50 मिलिअँपिअरच्या आसपास असतो. 8 तासांत ते भरलेल्या ग्रुपमधून 0.4 अँपिअर-अवर जाळणार. या वेगाने फरक भरून निघायला दोनशेहून अधिक तास लागतात, आणि तेही बीएमएस तेवढा वेळ बॅलन्सिंग करत राहिलं तर. चार्जर बंद झाला की अनेक बीएमएस तेही थांबवतात.

एवढ्या फरकाला जाणकार माणूस पॅक उघडून तो एकच ग्रुप 4.2 व्होल्टच्या सिंगल-सेल चार्जरने वर आणतो. वॉरंटी चालू असेल तर पॅकला हात लावू नका, ग्रुपचे आकडे लिहून सर्व्हिस सेंटरला दाखवा. ग्रुप वर आणल्यावर गाडी दोन-तीन दिवस न चालवता ठेवा आणि पुन्हा मोजा. बाकीचे जागेवर आणि तोच 20-30 मिलिव्होल्टने किंवा जास्तच खाली गेला, तर वीज कुठेतरी गळतेय. सेल स्वतःच गळतो, किंवा बीएमएसवरचा त्या ग्रुपचा बॅलन्सिंगचा मॉस्फेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, शॉर्ट होऊन त्याला गुपचूप रिकामं करत बसतो. ठीकठाक चालणारी गाडी काही आठवड्यांत रेंज हरवते त्यामागे हा प्रकार बऱ्याचदा निघतो. बीएमएसचा कनेक्टर काढून तोच निरीक्षणाचा कालावधी पुन्हा घेतला की दोघांपैकी दोषी कोण ते कळतं.

बीएमएस सारखं तोडतंय म्हणून त्याला बायपास करून गाडी पळवणं ही सगळ्यांत वाईट आयडिया. ज्या ग्रुपला वाचवायला ते तोडत होतं, तोच ग्रुप मग पार शून्याकडे ढकलला जातो, आणि पुढच्या चार्जिंगला त्याच्या आत शॉर्ट होऊन आग लागण्याचा धोका उभा राहतो.

चौथी चूक: आधी कंट्रोलर बदलणं

कंट्रोलर बदलणं सोपं, म्हणून तो आधी बदलला जातो. पण मेलेला कंट्रोलर रेंज कमी करत नाही, तो गाडी थांबवतो. रेंज खाणारा कंट्रोलर म्हणजे अर्धवट बिघडलेला, आणि तो युनिटच्या हिशेबात दिसतो. किलोमीटरमागचा खर्च वाढलेला असेल तरच त्याच्याकडे या, आणि त्याआधी टायरमधली हवा आणि चाकाचं घासणं बघा. सेंटर स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवा, ते मोकळं फिरायला हवं.

चाक झटके देत अडखळत फिरत असेल, तर कंट्रोलरमधला मॉस्फेट शॉर्ट असू शकतो. त्याआधी अँटी-थेफ्ट अलार्म लावलेला नाही ना ते बघा, काही गाड्यांत तोच मोटर अडवतो. मग एमसीबी बंद करून, दोन-चार मिनिटं थांबून मोटरच्या तीन जाड फेज वायर कंट्रोलरपासून सोडवा आणि त्यांची टोकं एकमेकांना लागणार नाहीत अशी ठेवा. चाक आता मोकळं झालं तर दोष कंट्रोलरमध्ये. तसंच अडखळलं तर मोटरमध्ये किंवा तिच्या वायरिंगमध्ये. वायर सोडवताना कनेक्टर काळवंडलेले किंवा वितळलेले दिसले, तर तिथेच वीज उष्णता होऊन जातेय, नवा कंट्रोलर त्याच कनेक्टरवर लावून उपयोग नाही.

चाक मोकळं आहे, पण स्टार्ट होताना गाडी थरथरते, मोटर घरघरते आणि नेहमीपेक्षा जास्त तापते, तर मोटरमधले, चाकाची स्थिती ओळखणारे हॉल सेन्सर तपासा. एमसीबी आणि किल्ली चालू ठेवून, थ्रॉटलला हात न लावता चाक हळूहळू हाताने फिरवताना तिन्ही सिग्नल वायरवर व्होल्टेज शून्याच्या जवळ आणि 5 च्या जवळ असं आलटून-पालटून यायला हवं. एखादी वायर एकाच आकड्यावर अडकली असेल तर तो सेन्सर गेला.

पाचवी चूक: ब्रेक सेन्सरला नको तिथे धरणं

ब्रेक कट-ऑफचा स्विच दाबलेल्या अवस्थेत अडकला तर रेंज घटत नाही, गाडी हलतच नाही. डिस्प्ले चालू, थ्रॉटल दिला तरी शांत, आणि ब्रेकचा लाल दिवा लागलेलाच. तो मधूनमधून लागत-सुटत असेल तर खड्ड्यात, पावसात किंवा हँडल वळवताना मोटर क्षणभर सुटते आणि परत झटका देऊन पकडते. रिजन, म्हणजे ब्रेक लावताना मोटरनेच गाडी हळू करून वीज परत घेण्याची सोय, असलेल्या गाडीत हाच खोटा सिग्नल चालत्या गाडीला मागे ओढतो आणि प्रत्येक वेळी पुन्हा वेग घ्यायला वीज जाते. एका जागी उभं राहून, ब्रेक न दाबता लिव्हर नुसता हलवा, हँडल डावी-उजवीकडे वळवा आणि मागचा दिवा बघत राहायला कुणाला तरी सांगा. मागचा दिवा मिणमिणला तर सेन्सर किंवा त्याची वायर.

ज्याकडे कुणी बघत नाही तो बिघाड याच्या उलट असतो. स्विच गेला आणि आता ब्रेक दाबला तरी मोटरची वीज तुटतच नाही. लिव्हरवर बोटं ठेवून चालवायची सवय असेल, तर मोटर आणि ब्रेक शूज एकमेकांशी भांडत राहतात, किलोमीटरमागचा खर्च वाढतो आणि ड्रम तापतो. स्टँडवर, मागच्या चाकापासून कपडे आणि हात दूर ठेवून, अगदी थोडा थ्रॉटल द्या आणि एकेक लिव्हर हळूहळू दाबा. शूज घासायला लागण्याआधी मोटरचा आवाज बंद व्हायला हवा. दोन्ही लिव्हर वेगवेगळे तपासा, कारण एकाचा स्विच शाबूत असतो आणि दुसऱ्याचा महिनोनमहिने मेलेला.