८८ टक्के जुळलं म्हणून खूश होऊ नका

कबड्डीच्या व्हिडिओवरून दोन स्वयंसेवकांनी वेगवेगळं बसून १०० चढायांत ‘बोनस झाला की नाही’ अशी नोंद केली. दोघांनीही १० वेळा ‘हो’ लिहिलं, पण त्यातले एकत्र जुळले फक्त ४. ‘नाही’वर एकमत ८४ वेळा. म्हणजे ८८ टक्के जुळलं. झकास? थांबा. बोनस मुळातच कमी, त्यामुळे डोळे मिटून ‘नाही’ लिहिलं तरी बरंच जुळतं. योगायोगाने जुळण्याचा वाटा ०.१×०.१ + ०.९×०.९ = ०.८२. हा वाटा वगळून खरं एकमत किती, हे सांगणारा आकडा म्हणजे कप्पा (kappa):

```
kappa = (0.88 - 0.82) / (1 - 0.82) = 0.33
```

०.३३ म्हणजे कच्चं काम. आता न जुळलेल्या १२ चढाया दोघांनी शेजारी बसून, व्हिडिओ हळू करून बघाव्यात. बहुतेकदा घोळ मागच्या पायाचा निघतो: बोनस रेषा ओलांडताना तो हवेत हवा, आणि बाजूच्या कॅमेऱ्यात तोच बचावपटूंआड जातो. ‘पाय दिसला नाही तर पंचांचा इशारा धरायचा’ असा नियम लिहून काढा. मग कप्पा पुन्हा काढा, पण नव्या चढायांवर. चर्चा झालेल्या जुन्यांवर तो फुगणारच.