बेरीज जुळली तरी इलेक्ट्रॉन संरूपण चुकू शकते: या चुका टाळा

टंगस्टनचे इलेक्ट्रॉन संरूपण लिहायला सांगितले की दोन चुकीची उत्तरे हमखास दिसतात. एक असते [Xe] 5d⁴ 6s² आणि दुसरे [Xe] 4f¹⁴ 5d⁵ 6s¹. या दोन चुकांची कारणे वेगळी आहेत आणि त्या पकडण्याच्या पद्धतीही वेगळ्या आहेत, म्हणून उत्तर तपासण्याची सुरुवात याच उदाहरणापासून करणे मला योग्य वाटते.

पहिली चूक साध्या बेरजेत सापडते. झेनॉनचे 54 इलेक्ट्रॉन, त्यात 4 आणि 2 मिळवले की 60 होतात. टंगस्टनचा अणुअंक मात्र 74 आहे. कमी पडलेले 14 इलेक्ट्रॉन म्हणजे विसरलेले 4f उपकवच. भरण्याचा क्रम n + l या बेरजेने ठरतो. 6s साठी ती 6 येते, तर 4f आणि 5d या दोघांसाठीही 7 येते. बेरीज सारखी असेल तेव्हा लहान n असलेले उपकवच आधी भरायचे, त्यामुळे 6s नंतर 4f आणि मग 5d असा क्रम लागतो. लिहिताना उपकवचे n च्या चढत्या क्रमाने मांडली तरी चालतात, पण भरण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तपासताना विसरू नये.

दुसरे उत्तर अधिक फसवे आहे, कारण त्याची बेरीज अचूक 74 भरते. ते लिहिणाऱ्याने क्रोमिअमचा अपवाद, म्हणजे [Ar] 3d⁵ 4s¹, लक्षात ठेवलेला असतो. मॉलिब्डेनमही 4d⁵ 5s¹ असे वागते, म्हणून त्याच गणातील टंगस्टनही तसेच असेल असे तो गृहीत धरतो. प्रत्यक्षात टंगस्टन भरण्याचा क्रम तंतोतंत पाळते आणि त्याचे संरूपण [Xe] 4f¹⁴ 5d⁴ 6s² असते. क्रोमिअममध्ये 3d आणि 4s यांच्या ऊर्जा इतक्या जवळ असतात की सहा इलेक्ट्रॉन सहा वेगवेगळ्या कक्षकांत समांतर फिरकीने राहिल्यास विनिमय ऊर्जेचा फायदा मिळतो आणि एका कक्षकात जोडी करण्याची किंमतही वाचते. टंगस्टनच्या जड केंद्रकाजवळ 6s इलेक्ट्रॉनांचा वेग इतका वाढतो की सापेक्षतेच्या परिणामाने तो कक्षक आकुंचन पावून ऊर्जेने खाली जातो, आणि तिथला इलेक्ट्रॉन 5d मध्ये हलवणे परवडत नाही.

म्हणून ‘अर्धे भरलेले किंवा पूर्ण भरलेले उपकवच स्थिर असते’ हे वाक्य झालेल्या अपवादाचे स्पष्टीकरण म्हणून वापरावे, भाकीत म्हणून नव्हे. नायोबिअम 4d⁴ 5s¹ असते आणि प्लॅटिनम 5d⁹ 6s¹. या दोन्हींत d उपकवच ना अर्धे आहे, ना पूर्ण. लँथॅनमचा प्रश्न बाजूला ठेवला, तर 3d, 4d आणि 5d या तीन ओळींत मिळून अपवाद दहाच आहेत: Cr, Cu, Nb, Mo, Ru, Rh, Pd, Ag, Pt आणि Au. ही यादी पाठ करणे हाच तपासणीचा खात्रीचा मार्ग आहे. त्यात पॅलॅडिअमकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्याचे 5s पूर्ण रिकामे असते आणि संरूपण [Kr] 4d¹⁰ असे होते.

आयनांच्या बाबतीत वेगळीच चूक होते. Fe²⁺ मध्ये 24 इलेक्ट्रॉन आहेत, म्हणून ते भरण्याच्या क्रमाने पुन्हा मांडून 3d⁴ 4s² लिहिले जाते. आधी उदासीन अणूचे संरूपण लिहावे, मग सर्वांत मोठा n असलेल्या कवचातून, म्हणजे इथे 4s मधून, इलेक्ट्रॉन काढावेत. त्यामुळे 3d⁶ 4s² चे 3d⁶ होते. अयुग्मित इलेक्ट्रॉन मोजून हे उत्तर पडताळता येईल असे वाटते, परंतु 3d⁶ आणि 3d⁴ 4s² या दोन्हींत ते चारच असल्यामुळे √(n(n+2)) या सूत्राने, ज्यात n म्हणजे अयुग्मित इलेक्ट्रॉनांची संख्या, दोन्हींसाठी 4.90 बोर मॅग्नेटॉन हेच मूल्य येते. तसेच Cr³⁺ चे 3d³ हे बरोबर उत्तर अणूच्या चुकीच्या 3d⁴ 4s² या संरूपणापासूनही मिळते, म्हणून आयन जुळला यावरून अणूही बरोबर होता असे ठरत नाही.

Fe³⁺ वर मात्र ही चुंबकीय कसोटी लागू पडते. बरोबर 3d⁵ साठी 5.92 येते, तर चुकीच्या 3d³ 4s² साठी 3.87, आणि पाण्याचे लिगँड असलेल्या Fe³⁺ च्या संयुगांत मोजलेले मूल्य 5.9 च्या आसपास असते. सायनाइडसारखा प्रबळ लिगँड असेल तर d इलेक्ट्रॉन जोड्या करतात आणि एकच अयुग्मित उरतो, त्यामुळे अशा संयुगाचे मोजमाप सुट्या आयनाचे संरूपण तपासण्यासाठी वापरू नये.